लग्नखर्च बिनकर्जाचा : मासिक गुंतवणूक न मोडता

दख्खनमधील शेतकऱ्यांनी १८७५ साली सावकारांच्या वह्या व खतपत्रे जाळली. भीमथडी तालुक्यातील सुपे येथून सुरू झालेल्या या दंग्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाची कारणे तपासली. लग्नकार्यातील उधळपट्टीमुळेच रयत बुडते, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. आयोगाला मात्र निराळेच आढळले. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने मोठा असला, तरी असे प्रसंग आयुष्यात क्वचितच येतात. त्यामुळे कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून या खर्चावर वाजवीपेक्षा जास्त भर दिला गेला आहे, असे मत आयोगाने नोंदविले.

दीडशे वर्षांनंतरही हा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. लग्नाचा खर्च एका दिवसाचा असतो. त्यासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र पुढची चार-पाच वर्षे घराच्या जमाखर्चात ठाण मांडून बसतो. ज्या रकमेतून म्हातारपणाची तरतूद व्हावयाची, तीच रक्कम बहुधा हा हप्ता गिळतो. म्हणून लग्न किती थाटाचे करावे यापेक्षा त्याचे पैसे लग्नाआधी जमवावयाचे की लग्नानंतर फेडावयाचे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. नाशिक जिल्ह्यातील एका मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाचे उदाहरण घेऊन तो येथे तपासला आहे. कुटुंब कल्पित आहे. आकडे उदाहरणापुरते, पण नेहमीच्या व्यवहाराला धरून घेतले आहेत.

तीन वर्षांनी येणारे कार्य

नाशिक शहरालगत राहणारे एक प्राथमिक शिक्षक ४६ वर्षांचे आहेत. मुलगी २१ वर्षांची असून शिकत आहे. तीन वर्षांनी तिचे लग्न करावे, असा घरातील विचार आहे. कपाती वजा जाता शिक्षकांच्या हाती दरमहा ७२,००० रुपये पडतात. त्यातून ५,००० रुपये सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत आणि ७,००० रुपये म्युच्युअल फंडाच्या मासिक हप्त्यात, असे १२,००० रुपये निवृत्तीनंतरच्या काळासाठी नियमाने जातात. घरखर्चाला ४८,००० रुपये लागतात. उरलेले १२,००० रुपये आजवर कधी शिल्लक राहत, तर कधी खर्चून जात. याखेरीज एक लाख रुपयांची मुदत ठेव आहे. आजारपणासारख्या अडीअडचणीसाठी ठेवलेली रक्कम वेगळी असून तिला हात लावावयाचा नाही, असे त्यांनी ठरविले आहे.

अशा घरात दोन सोपे मार्ग सुचविले जातात. पहिला, लग्नाच्या वेळी कर्ज काढण्याचा. पाच लाख रुपयांचे वैयक्तिक कर्ज द.सा.द.शे. १२ दराने पाच वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ११,१२० रुपये येतो आणि साठ महिन्यांत एकूण ६,६७,००० रुपयांहून अधिक भरावे लागतात. म्हणजे १,६७,००० रुपये केवळ व्याजाचे. शिवाय हा हप्ता जवळजवळ त्यांच्या मासिक गुंतवणुकीएवढाच आहे. लग्नानंतर घरखर्च वाढला, तर गुंतवणूक थांबवूनच तो भरावा लागेल.

दुसरा मार्ग, तीन वर्षे गुंतवणूक थांबवून ते १२,००० रुपये लग्नाकडे वळविण्याचा. यात व्याज द्यावे लागत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. परंतु न भरलेल्या ३६ हप्त्यांची रक्कम ४,३२,००० रुपये होते. तिच्यावर वर्षाला सरासरी ८ टक्के वाढ मिळाली असे गृहीत धरले, तर शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतील तेव्हा त्यांच्या पुंजीत सुमारे ९,७५,००० रुपयांची तूट दिसेल. वाढीचा दर कमीजास्त होऊ शकतो, पण दिशा बदलत नाही.

राहिला तिसरा मार्ग. गुंतवणुकीचे १२,००० रुपये जसेच्या तसे चालू ठेवावयाचे, शिल्लक राहणाऱ्या १२,००० रुपयांतून स्वतंत्र लग्ननिधी उभा करावयाचा, आणि त्या निधीत बसेल एवढेच लग्न करावयाचे. यातील शेवटचे कलम सर्वांत अवघड आहे.

अंदाजपत्रक कसे मांडावे

अंदाजपत्रकाची सुरुवात एकूण रकमेपासून न करता पानांच्या संख्येपासून करावी. शिक्षकांच्या घरी पहिली यादी ४०० माणसांची झाली. दर पानाला ३५० रुपये धरता जेवणाचे १,४०,००० रुपये झाले. कार्यालय, मंडप व सजावट यांना १,१०,००० रुपये. कपडे व मानपानाचा आहेर यांना ७०,००० रुपये. पत्रिका, भटजी, वाजंत्री, छायाचित्रे व गाड्या यांना ८०,००० रुपये. सोने सोडून आजच्या भावाने एकूण चार लाख रुपये. हुंड्याचे कलम या यादीत असूच शकत नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने तो देणे व घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत.

चार लाखांचा आकडा आजचा आहे, लग्न तीन वर्षांनी आहे. दरवर्षी ८ टक्के भाववाढ धरल्यास हीच रक्कम तेव्हा ५,०४,००० रुपये होते. त्यावर अनपेक्षित खर्चासाठी दहा टक्के, म्हणजे ५०,००० रुपये धरले. दागिन्यांची घडणावळ व कर यांसाठी आणखी सुमारे ४०,००० रुपये लागतील. बेरीज सहा लाखांच्या जवळ जाते.

हाताशी असलेली एक लाखाची ठेव साडेसहा टक्के दराने तीन वर्षांत सुमारे १,२१,००० रुपये होईल. उरलेल्या ४,७९,००० रुपयांसाठी त्याच दराच्या आवर्ती ठेवीत दरमहा १२,००० रुपये भरावे लागतील. येथपर्यंत हिशेब जुळतो. पण सोने अजून बाहेरच आहे.

सोन्याचा हिशेब ग्रॅममध्ये

सोन्यासाठी रुपये साठविणे धोक्याचे असते. जेवणाचा दर वर्षाला आठ-दहा टक्क्यांनी वाढेल असा अंदाज बांधता येतो; सोन्याचा तसा बांधता येत नाही. २०२० सालाच्या आरंभी दहा ग्रॅमचा भाव चाळीस हजार रुपयांच्या आसपास होता आणि २०२५ च्या अखेरीपूर्वी तो एक लाख वीस हजारांच्या पुढे गेला. ज्यांनी आवर्ती ठेवीत सोन्यासाठी पैसे जमविले, त्यांचे पैसे वाढले, पण त्यांत येणारे सोने घटले. म्हणून जे ग्रॅममध्ये लागणार आहे ते ग्रॅममध्येच जमवावे. थोडे थोडे वेढणे किंवा हॉलमार्क असलेले लहान नाणे घेत गेल्यास वर्षावर्षांच्या भावाची सरासरी पदरी पडते. दागिना आधीच घडवून ठेवू नये. मुलीची आवड बदलते आणि घडणावळ दोनदा जाते. नाण्याचे सोने दागिन्यात घालताना सराफ कोणत्या हिशेबाने घेईल, हे मात्र खरेदीच्याच वेळी विचारून पावतीवर लिहून घ्यावे.

शिक्षकांच्या घरी आजीचे १२ ग्रॅम सोने आहे आणि २० ग्रॅम करण्याची इच्छा आहे. आठ ग्रॅम घेण्यासाठी दर चार महिन्यांनी एक ग्रॅम घ्यावे लागेल. ग्रॅमचा भाव उदाहरणापुरता १४,००० रुपये धरला, तर दरमहा ३,५०० रुपये बाजूला पडतात. म्हणजे एकूण गरज १५,५०० रुपये, उपलब्ध १२,००० रुपये आणि तूट दरमहा ३,५०० रुपये.

तूट कोठून भरावी

याच ठिकाणी बहुतेक कुटुंबांची योजना मोडते. साडेतीन हजारांचीच तर बाब आहे, एवढी रक्कम फंडाच्या हप्त्यातून तात्पुरती कमी करू, असा विचार येतो. तो करू नये. गुंतवणुकीचा आकडा एकदा हलला की तो पुन्हा पूर्ववत होत नाही, कारण लग्नाची गरज महिन्यागणिक वाढतच असते. तूट भरावयाची ती लग्नाच्या यादीतून.

शिक्षकांच्या घरी यादी पुन्हा वाचली गेली. शंभर पाने कमी झाली. आजच्या भावाने ही ३५,००० रुपयांची बचत, पण भाववाढ व अनपेक्षित खर्च धरून तीन वर्षांनंतरची ४८,५०० रुपयांची. सजावटीतून ३०,००० रुपये कमी केले. त्यांचे याच हिशेबाने ४१,६०० रुपये झाले. या दोन कपातींमुळे आवर्ती ठेवीचा हप्ता १२,००० वरून ९,७५० रुपयांवर आला. आठऐवजी सहा ग्रॅम सोने, तेही सहा महिन्यांना एक ग्रॅम याप्रमाणे घ्यावयाचे ठरल्यावर त्याची मासिक तरतूद सुमारे २,३३० रुपये झाली. एकूण १२,०८० रुपये. वरचे ८० रुपये घरखर्चातून सहज निघतात.

ताळा करून पाहावा. सुधारलेले उद्दिष्ट सुमारे ५,१०,००० रुपये. आवर्ती ठेवीतून ३६ महिन्यांनी ३,८८,००० रुपये आणि जुन्या ठेवीतून १,२१,००० रुपये, मिळून ५,०९,००० रुपये. सोने वेगळे. मासिक गुंतवणूक पूर्ववत १२,००० रुपये. ठेवींच्या व्याजावर आयकर लागू होत असेल तर तो वार्षिक वेतनवाढीतून भरावा, निधीतून नव्हे. तीन वर्षांत होणारी उरलेली वेतनवाढ ही या योजनेची खरी राखीव फळी समजावी. ती आधीच खर्चात धरू नये.

पैसे कोठे ठेवावेत

लग्ननिधीला जास्त व्याजापेक्षा ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम हाती येण्याची अधिक गरज असते. या कसोटीवर शेअर बाजाराशी निगडित फंड बसत नाहीत. जानेवारी २०२० मध्ये मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सुमारे ४२ हजारांवर होता. २३ मार्च २०२० रोजी तो २६ हजारांच्याही खाली बंद झाला. निवृत्तीला बारा वर्षे असलेल्या माणसाने त्या दिवशी हप्ता चालू ठेवला असता, तर त्याला स्वस्त भावाने अधिक युनिटे मिळाली असती. ज्याला एप्रिलमध्ये आचाऱ्याचे पैसे द्यावयाचे होते त्याला मात्र तोट्यात विकण्यावाचून गत्यंतर नव्हते. एकच साधन एका कामासाठी योग्य व दुसऱ्यासाठी अयोग्य ठरते ते असे. म्हणूनच निवृत्तीचा हप्ता आणि लग्ननिधी यांची खाती वेगळी असावीत.

टपाल कार्यालयाची आवर्ती ठेव विश्वासार्ह आहे, परंतु तिची मुदत पाच वर्षांची असते. तीन वर्षांनंतर ती बंद करता येते, पण मुदतीपूर्वी बंद केल्यास आवर्ती ठेवीचा दर न मिळता बचत खात्याचा दर मिळतो. लग्न पाच वर्षांवर असेल तर ती घ्यावी. तीन वर्षांवर असेल तर तेवढ्याच मुदतीची बँकेतील आवर्ती ठेव बरी. हप्त्याची रक्कम एकाच ठेवीत न घालता दोन ठेवींत विभागावी. एखादी मोडण्याची वेळ आलीच, तर दुसरी शाबूत राहते. मुदत ठेवीचाही एक भाग लग्नाच्या वर्षभर आधी हाती येईल असा ठेवावा, कारण कार्यालयाचा इसार तेव्हाच द्यावा लागतो.

बँकेतील ठेवींना, व्याज धरून, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा लागू झाली. सहकारी बँकांतील ठेवी यात येतात, पतसंस्थांतील येत नाहीत. सराफाकडे अकरा महिने भरावयाचे हप्ते किंवा गल्लीतील भिशी यांनाही हे संरक्षण नाही. दोन टक्के अधिक व्याजासाठी लग्नाचे पैसे अशा ठिकाणी ठेवणे योग्य नव्हे.

मुलगी लहान असताना सुकन्या समृद्धी खाते उघडलेले असल्यास, तिला १८ वर्षे पूर्ण झाल्यावर विवाहासाठी ते बंद करता येते. मात्र ते विवाहापूर्वी एक महिन्याच्या आत किंवा विवाहानंतर तीन महिन्यांच्या आत बंद करावे लागते. म्हणून त्या रकमेवर कार्यालयाचा इसार अवलंबून ठेवू नये.

मुहूर्त बदलला तर

नाशिककरांना तारखेची एक खास अडचण असते. गुरू सिंह राशीत असताना विवाह करू नये, असे मानणारी कुटुंबे गोदाकाठी पुष्कळ आहेत. आगामी सिंहस्थाच्या ध्वजारोहणासाठी ३१ ऑक्टोबर २०२६ ही तारीख जाहीर झाली असून मुख्य स्नाने ऑगस्ट व सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. अशा काळात एका घराला सिंहस्थापूर्वी कार्य उरकावयाचे असते, तर दुसऱ्या घराला ते संपल्यावर. त्यामुळे तीन वर्षांनी धरलेले लग्न दीड वर्षावर येण्याचा संभव असतो.

तारीख पुढे गेली तर योजनेला बाध येत नाही. भाववाढ वाढते, पण हप्तेही वाढतात. अलीकडे आली तर मात्र निधी अपुरा राहतो. तीन वर्षांच्या योजनेत अठरा महिन्यांनी जेमतेम निम्मी आवर्ती ठेव जमलेली असते. तेव्हा उरलेल्या रकमेसाठी कर्ज न काढता जमलेल्या रकमेचे लग्न करावे. त्यासाठी सुरुवातीलाच दोन याद्या कराव्यात : एक पूर्ण कार्याची आणि दुसरी घरच्या शंभर माणसांत, नोंदणी पद्धतीने किंवा देवळात करावयाच्या कार्याची. दोन्ही कुटुंबांच्या बैठकीत दुसरी यादी आधीच मांडून ठेवल्यास ऐनवेळी मान-अपमानाचा प्रश्न उद्भवत नाही. विशेष विवाह कायद्यान्वये विवाह करावयाचा असल्यास तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हेही ध्यानात घ्यावे.

शेतकरी कुटुंबाच्या बाबतीत

निफाड, दिंडोरी या भागांतील द्राक्ष बागाईतदाराला किंवा कांदा उत्पादकाला दरमहा ठरावीक रक्कम भरणे जमत नाही. त्याचा हप्ता महिन्याचा नसून मालाचा असावा. द्राक्षाचे पैसे हाती येतील त्याच आठवड्यात पुढील हंगामाचा खर्च बाजूला काढून, उरलेल्या रकमेतील ठरावीक वाटा लग्नाच्या मुदत ठेवीत व ठरावीक वाटा गुंतवणुकीत जमा करावा. चाळीत पडलेला कांदा हा लग्ननिधी नव्हे. त्याचा भाव लग्नाच्या आठवड्यात काय असेल हे सांगता येत नाही. पीककर्जाची रक्कम लग्नात वापरणे हेही लग्नकर्जच होय. त्याची परतफेड वेळेवर न झाल्यास व्याजातील सवलत जाते आणि पुढील हंगामाचे कर्ज अडते.

योजना घसरते आहे हे कसे ओळखावे

दर तीन महिन्यांनी एका वहीत तीन आकडे लिहावेत : ठरलेले, जमलेले आणि बोललेले. ठरलेले म्हणजे अंदाजपत्रक. जमलेले म्हणजे ठेवींतील रक्कम. बोललेले म्हणजे कार्यालय, आचारी, मंडपवाला व नातेवाईक यांना तोंडी किंवा लेखी कबूल केलेले. घसरण नेहमी तिसऱ्या आकड्यात सुरू होते. कोणी पाव्हणा बसची मागणी करतो, कोणी एका गोडाऐवजी दोन गोडांचे सुचवितो, आणि पैसे लगेच द्यावयाचे नसल्यामुळे होकार दिला जातो. बोललेले ठरलेल्यापेक्षा वाढले की त्याच दिवशी दुसरे एखादे कलम कमी करावे.

आणखी दोन खुणा आहेत. आवर्ती ठेवीचे लागोपाठ दोन हप्ते चुकणे ही एक. याचा अर्थ घरखर्चाचा आकडाच मुळात चुकीचा धरला होता. ‘आहेरातून भागेल’ हे वाक्य घरात ऐकू येणे ही दुसरी. आहेराची पाकिटे लग्नाच्या दिवशी येतात, तर बहुतेक देणी त्यापूर्वी भागवावी लागतात. शिवाय आहेराच्या वहीत लिहिलेली प्रत्येक रक्कम पुढे कोणाच्या ना कोणाच्या कार्यात परत करावयाची असते. तेही एक प्रकारचे देणेच आहे. मंडपवाल्याची किंवा किराण्याची उधारीही कर्जातच मोडते, मग तिच्यावर व्याज लिहिलेले नसले तरी.

भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम स्वतःचीच असते, म्हणून ती कर्ज नव्हे असे काही कर्मचारी समजतात. ती काढली की निवृत्तीची पुंजी तेवढी घटते. परिणाम गुंतवणूक थांबविण्यासारखाच होतो. तो मार्ग आजारपणासारख्या, आधी तारीख न कळणाऱ्या प्रसंगांसाठी राखून ठेवावा.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. ज्या घरात दरमहा काहीच शिल्लक उरत नाही, तेथे कोणतीही ठेव लग्ननिधी उभा करू शकत नाही; तेथे कार्याचे स्वरूपच बदलावे लागते. ज्या घरात थोडी शिल्लक आहे, तेथे मात्र हिशेब स्पष्ट आहे. शिक्षकांच्या उदाहरणात लग्नाआधी ३६ महिने ९,७५० रुपये भरावयाचे की लग्नानंतर ६० महिने ११,१२० रुपये, एवढीच निवड होती. पहिल्या मार्गाने जाताना शंभर पाने, थोडी सजावट आणि दोन ग्रॅम सोने कमी झाले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घरावर कोणाचे देणे राहणार नाही आणि त्या महिन्याचा गुंतवणुकीचा हप्ता नेहमीच्या तारखेला जाईल.